तीन मजली ओळ

रेणापुरात माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. सातबाऱ्याच्या प्रती, परीक्षेचे अर्ज, लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रके असे वर्षभराचे काम. मे महिना लागला की त्यात शेतीशाळेचे स्लाइड येऊन पडतात. मृग जवळ आलेला असतो, गावोगाव सोयाबीनच्या पेरणीची बैठक लावायची असते, आणि बैठकीत पडद्यावर दाखवायची फाइल कुठून तरी इंग्रजीत आलेली असते. अशीच एक २२ स्लाइडची फाइल पेन ड्राइव्हवर घालून आमचे कृषी सहायक दुकानात आले. म्हणाले, "दिसायला लई चांगली हाय, मांडणीला हात लावू नका. नुसतं मराठी करा."

त्या 'नुसतं'ने मला नंतर बरेच शिकवले.

भाषांतर एका संध्याकाळी झाले. इंग्रजी मजकूर निवडायचा, त्याच जागी मराठी टाइप करायचे, पुढच्या चौकटीत जायचे. चित्रे जागेवर, रंग जागेवर, चौकटीही होत्या तिथेच. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात पडद्यावर फाइल लागली तेव्हा मी मागे उभा होतो. मागच्या रांगेतले एक आजोबा डोळे बारीक करून बघत राहिले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "वरली ओळ खालच्या ओळीवर बसलीय की. अन् आधीच्या पानापरीस ह्ये बारीक का दिसायलंय?" दोन वाक्यांत त्यांनी दोन्ही दोष सांगितले. मला ते दुकानातल्या स्क्रीनवर दिसले नव्हते, कारण मी रुंदी बघत होतो.

हीच ती गोष्ट. इंग्रजीवरून मराठी करताना सगळे रुंदीची काळजी करतात. मराठी लांबते, चौकटीबाहेर जाते, असा समज पक्का बसलेला आहे. खरे तर मराठी शब्द अनेकदा इंग्रजीपेक्षा आखूड निघतो. त्या फाइलमध्ये एका स्लाइडचे शीर्षक होते 'सीड ट्रीटमेंट'. इंग्रजीत त्याची १३ अक्षरे आणि मधली एक मोकळी जागा. मराठीत 'बीजप्रक्रिया'. वाचणाऱ्याला त्यात पाचच अक्षरे दिसतात: बी, ज, प्र, क्रि, या. संगणकाला विचाराल तर तो १२ सांगेल, कारण तो वेलांटी, काना आणि पाय मोडणारी खूण हे सगळे सुटे मोजतो. म्हणून 'किती कॅरेक्टर झाले' हा हिशेब देवनागरीसाठी फसवा आहे. 'प्र'मध्ये संगणकाची तीन चिन्हे असतात, पण ती तिन्ही एकाच अक्षराच्या जागेत, एकमेकांना चिकटून मावतात. कागदावर किती जागा जाईल हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मराठी आडवी फार पसरत नाही. ती उंच होते. इंग्रजीची ओळ एका जोत्यावर उभी असते. काही अक्षरांच्या दांड्या वर जातात, काहींच्या शेपट्या खाली येतात, आणि त्यापलीकडे फारसे काही नाही. देवनागरीची ओळ तीन मजली असते. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, शिरोरेषेला टांगलेले. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटीची कमान, रफार, आणि त्यावरही कधी अनुस्वार. 'सर्वांनी'तल्या 'र्वां'वर रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात. तळघरात उकार, ऋकार आणि 'द्ध', 'ट्ट' यांच्यासारखी खाली उतरणारी जोडाक्षरे. 'पाणी धरून ठेवू' ही ओळ वर आणि 'सर्वांनी' खाली, अशी गाठ पडली की वरच्या ओळीचा 'वू' खाली लोंबतो आणि खालच्या ओळीचा रफार वर उठतो. इंग्रजीच्या हिशेबाने सोडलेल्या फटीत ते एकमेकांत घुसतात. आजोबांना ओळीवर ओळ बसलेली दिसली ती अशी.

खिळे जुळवणाऱ्यांना हे शिकवावे लागत नव्हते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत देवनागरी जुळवणाऱ्या माणसाच्या हातात मात्रा, वेलांटी, रफार ही शिशाची खरी वस्तू म्हणून येत असे. ती कुठे बसवायची आणि वरच्या ओळीपासून किती अंतर सोडायचे, हे बोटांना माहीत असे. अंतर कमी सोडले तर खिळा खिळ्यावर चढे आणि पान जुळतच नसे. संगणकात खिळ्यावर खिळा बिनतक्रार चढतो. आवाज नाही, अडथळा नाही, म्हणून माणसाला कळत नाही.

आता हे उंचीचे गणित एका चौकटीवर मांडून बघू. त्या फाइलमधल्या सातव्या स्लाइडवर शेजारीशेजारी तीन चौकटी होत्या, घरच्या घरी बियाण्याची उगवण कशी तपासायची याच्या तीन पायऱ्या. प्रत्येक चौकट ३.६ इंच रुंद आणि १.२ इंच उंच. इंग्रजी मजकूर कॅलिब्री फाँटमध्ये, २० पॉइंटचा, प्रत्येक चौकटीत तीन ओळी.

एका इंचात ७२ पॉइंट. म्हणजे चौकटीची उंची ८६.४ पॉइंट. पॉवरपॉइंट न सांगता वर आणि खाली ०.०५ इंच समास ठेवतो, त्याचे ७.२ पॉइंट गेले. हातात उरले ७९.२. कॅलिब्रीची एक ओळ अक्षराच्या मापाच्या साधारण १.२२ पट उंच असते, म्हणजे २० पॉइंटला २४.४. तीन ओळींचे ७३.२ झाले. चौकटीत बसून सहा पॉइंट उरले. मांडणी करणाऱ्याने माप बरोबर घेतले होते, फक्त ते इंग्रजीचे होते.

तोच मजकूर निर्मला यूआय या फाँटमध्ये लावा. विंडोज ८ पासून हा देवनागरी फाँट संगणकासोबतच येतो. त्याची ओळ मापाच्या १.३३ पट, म्हणजे २० पॉइंटला २६.६. तीन ओळींचे ७९.८. चौकट ७९.२ ची. अर्ध्या पॉइंटाहून थोडे जास्त बाहेर. एकही शब्द लांब झालेला नाही, ओळी तीनच्या तीनच, तरी मजकूर बसत नाही. विंडोजचा जुना फाँट मंगल तर वर-खाली याहून कितीतरी जास्त जागा धरतो. मंगलच्या तीन ओळी या चौकटीत कधीच मावणार नाहीत.

मग पडद्यावर मजकूर बाहेर का आला नाही? तो बारीक का झाला?

कारण पॉवरपॉइंटने न विचारता मदत केली. मजकुराच्या चौकटीवर उजवे बटण दाबून `Format Shape` उघडले, त्यात `Text Options` मधल्या `Text Box` वर गेले की तीन पर्याय दिसतात. `Do not Autofit` म्हणजे बाहेर गेला तर जाऊ दे. `Resize shape to fit text` म्हणजे चौकट फुगव. आणि `Shrink text on overflow` म्हणजे अक्षर लहान कर. तयार साच्यातून बनवलेल्या स्लाइडवर मजकुराच्या मुख्य जागांना बहुतेक वेळा हा तिसरा पर्याय लावलेला असतो. या फाइलमध्ये तर प्रत्येक चौकटीला होता.

हा पर्याय नेमके काय करतो ते बघायचे तर फाइलच्या पोटात जावे लागते. एकदाच जा, म्हणजे नंतर त्याच्यावर विश्वास बसणार नाही. फाइलची एक प्रत करून तिच्या नावाच्या शेवटचे `.pptx` काढून `.zip` करायचे आणि उघडायची. आत `ppt/slides` नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक स्लाइडची एक साधी मजकुराची फाइल असते. माझ्या सातव्या स्लाइडमध्ये पहिल्या चौकटीच्या जागी हे लिहिलेले होते:

```
<a:bodyPr>
  <a:normAutofit fontScale="62500" lnSpcReduction="20000"/>
</a:bodyPr>
```

यात दोन आकडे आहेत. पहिला अक्षराचे माप किती उरले ते सांगतो: ६२५०० म्हणजे ६२.५ टक्के. २० पॉइंटचे अक्षर साडेबारा पॉइंटचे झाले होते. शेजारची चौकट मात्र पूर्ण २० ची, कारण तिच्यातला मजकूर योगायोगाने आखूड होता. एकाच रांगेत तीन पायऱ्या तीन मापांच्या. आजोबांचा दुसरा प्रश्न इथे सुटला.

दुसरा आकडा माझ्या मते जास्त घातकी आहे. २०००० म्हणजे ओळींमधले अंतर २० टक्क्यांनी कमी केले. इंग्रजीत हे खपून जाते, कारण इंग्रजी ओळींमध्ये ती फट बहुतांशी रिकामीच असते. मराठीत त्या फटीत मात्रा आणि उकार राहतात. म्हणजे मजकूर बसवण्यासाठी संगणकाने जी जागा 'मोकळी' समजून कापली ती आपल्या वरच्या मजल्याची आणि तळघराची होती. अक्षर लहान झाले हे निदान डोळ्यांना दिसते. ओळी एकमेकींवर चढल्या की माणसाला नुसते 'वाचवत नाही' एवढेच जाणवते, का ते सांगता येत नाही.

पोटात न जाता हे ओळखायची सोपी खूण आहे. मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फाँटच्या मापाच्या खिडकीत बघा. २०, २४, २८ असे गोल आकडे माणसाने दिलेले असतात. १२.५, १४.४, २५.२ असा काही अपूर्णांक दिसला की समजा, संगणकाने मजकूर आवळला आहे. मी आता मराठी केलेली फाइल हातात आली की आधी प्रत्येक चौकटीत जाऊन तो आकडाच बघतो. मजकूर नंतर.

मी करतो ते असे. भाषांतराला बसण्याआधी सगळ्या चौकटींचा आपोआप आवळण्याचा पर्याय बंद करायचा. बंद केला की जे बाहेर जायचे ते उघड बाहेर जाते आणि दोष दिसतो. शिकाऊ पोराला हे उलटे वाटते. "काका, बसलेलं तुम्ही कशाला बाहेर काढता?" असे माझ्याकडच्या मुलाने विचारलेही. बसलेले नव्हते, दडपलेले होते, एवढेच त्याला सांगितले.

मग बाहेर आलेले आत कसे घ्यायचे? इथे एक क्रम आहे आणि तो बहुतेक जण उलटा लावतात. आधी अक्षर बारीक करतात, मग ओळी जवळ आणतात, आणि वाक्याला हात लावत नाहीत, कारण वाक्य म्हणजे भाषांतर आणि ते 'बरोबर' आहे. मी वाक्यापासून सुरू करतो. सातव्या स्लाइडच्या पहिल्या चौकटीत माझे पहिले मराठी असे होते:

'उपलब्ध बियाण्यांमधून यादृच्छिक पद्धतीने १०० बियाणे निवडून त्यांची प्रत्येकी दहा याप्रमाणे ओळींमध्ये मांडणी करण्यात यावी.'

पाच ओळी. यात चूक काही नाही, पण रेणापूर तालुक्यातला एकही माणूस असे बोलत नाही. 'यादृच्छिक पद्धतीने' हे सांख्यिकीचे पुस्तक झाले. शेतकऱ्याला त्याचा अर्थ कृतीत सांगायचा तर तो आहे बी वर-खाली करून घेणे, म्हणजे पोत्याच्या तोंडाशी असलेलेच दाणे हातात येऊ नयेत. 'करण्यात यावी' हे परिपत्रकाचे शेपूट. इंग्रजीत वाक्य आज्ञार्थी होते, मीच ते सरकारी केले होते. दुसऱ्यांदा लिहिले:

'बी वर-खाली करून १०० दाणे घ्या. दहा-दहाच्या ओळी लावा.'

दोन ओळी, २० पॉइंटच्या. पुढच्या चौकटीत 'ओल्या गोणपाटात गुंडाळा. सावलीत ठेवा, पाणी शिंपडा.' आणि तिसऱ्या चौकटीत '६-७ दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० भरले तर बी पेरा.' तिन्हींत दोनदोन ओळी. निर्मलाच्या दोन ओळींना ५३.२ पॉइंट लागतात, चौकटीत ७९.२ आहेत. उरलेल्या २६ पॉइंटांत ओळींमधले अंतर थोडे वाढवता आले, आणि वर-खाली श्वास घ्यायला जागा राहिली. चौकटीच्या रेषेला हात न लावता.

इथे एक बारीक गोष्ट आहे. इंग्रजीत तिसऱ्या चौकटीत ७० हा आकडा ठळक केलेला होता, वाक्याच्या मध्यावर. मराठीत तो दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला आला. जुन्या मजकुरावरच टाइप करत गेले तर ठळकपणा आपल्या जुन्या जागी चिकटून राहतो आणि मराठीत भलताच शब्द ठळक होतो. माझ्या पहिल्या प्रतीत 'चांगले' हा शब्द ठळक होता आणि ७० साधा. अख्ख्या स्लाइडमध्ये लक्षात ठेवण्यासारखा एकच आकडा, त्यावरच बोट नव्हते. सोयाबीनचे ते ७० टक्के हे घोकून ठेवायचे असतात, कारण एकरी ३० किलो बियाण्याचा हिशेब त्या उगवणीवर बेतलेला आहे. म्हणून मी आता आधी साधा मजकूर चिकटवतो, सगळी नटवानटवी काढून, आणि ठळक काय ते मराठी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून नव्याने करतो.

आधी रुंदीला मी बाजूला सारले, पण एका ठिकाणी ती खरोखर आडवी येते, आणि ती जागा म्हणजे तक्ता. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. इंग्रजीत तीन सुटे शब्द असतात तिथे आपला एक लांबलचक शब्द होतो. तक्त्याच्या एका डोक्यात मी 'उगवणक्षमतेनुसार' लिहिले. रकाना १.१ इंचाचा, अक्षर १४ पॉइंटचे. ओळ तुटायची तर मोकळ्या जागेवरच तुटते, आणि या शब्दात मोकळी जागाच नाही. इंग्रजी छपाईत लांब शब्द छोटी आडवी रेघ देऊन तोडतात. पॉवरपॉइंट मराठीत तसे काही करत नाही. रकान्यात शब्द मावला नाही की तो मिळेल तिथे कापतो. माझ्या तक्त्यात 'नुसार' खालच्या ओळीवर एकटा पडला होता आणि दुरून तो वेगळाच शब्द वाटत होता.

याला औषध व्याकरणातच आहे. प्रत्यय लावून जो अर्थ आणतो तोच बहुतेक वेळा सुट्या शब्दांनीही येतो. 'उगवणक्षमतेनुसार' ऐवजी 'उगवण पाहून'. 'पेरणीपूर्वी'ऐवजी 'पेरणीच्या आधी', फार अडले तर. जोडून लिहिलेला शब्द सोडवला की ओळीला तुटायला जागा मिळते. लांबी फारशी कमी होत नाही, पण सांधे येतात. मला वाटते, अरुंद रकान्यासाठी मराठी लिहिताना शब्द आखूड आहे का यापेक्षा त्याला सांधा आहे का हे आधी बघावे.

वाक्य सुधारूनही बसले नाही तर चौकट. वरखालचा समास थोडा कमी करता येतो, तीन चौकटी सारख्याच प्रमाणात उंच करता येतात. एकच चौकट उंच केली की रांग मोडते, आणि 'मांडणीला हात लावू नका' म्हणणारे साहेब तेच बघतात. त्यानंतर फाँट. आणि अगदी शेवटी माप, तेही सगळ्या स्लाइडवर एकसारखे. समाजमंदिरात पडदा लहान असतो, दुपारच्या बैठकीला उजेड भरपूर आत येतो. तक्ता सोडला तर तिथे २० पॉइंटच्या खाली मी जात नाही. ओळींचे अंतर तर मी `Exactly` या पर्यायाने कधीच बांधत नाही. त्यात अंतर पॉइंटांत पक्के होते, आणि फाँट बदलला, अक्षर मोठे केले, तरी ओळी होत्या तिथेच राहून एकमेकींवर चढतात. `Multiple` मध्ये पट दिली की ती फाँटच्या स्वतःच्या उंचीवर मोजली जाते. तयार साच्यात ती ०.९ असते. इंग्रजीला ती शोभते, मराठीला मी ती १ करतो.

फाँटचे एक दुखणे मात्र वेगळे आहे आणि ते मला सगळ्यात उशिरा कळले. फाइलमध्ये मजकुराला एक फाँट नसतो. रोमन अक्षरांसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. साच्याच्या पोटात बहुधा ही ओळ सापडते:

```
<a:font script="Deva" typeface="Mangal"/>
```

म्हणजे कॅलिब्री निवडून तुम्ही मराठी टाइप केलेत तर कॅलिब्रीत देवनागरी नाहीच, आणि साच्याच्या सांगण्याप्रमाणे मंगल येतो. आता मंगलची ओळ उंच. मी माझ्या दुकानातल्या संगणकावर निर्मला लावून सगळे मोजूनमापून बसवले होते, पण दोन चौकटींत ती नोंद करायची राहून गेली. तिथे मंगल आला आणि त्या दोन चौकटी पुन्हा भरून वाहिल्या. एकेका चौकटीमागे धावण्यापेक्षा `Slide Master` मध्ये जाऊन साच्यातच फाँट ठरवावा. मजकुराची भाषाही मराठी म्हणून नोंदवावी. फाइलच्या पोटात ती `mr-IN` अशी दिसते. काही फाँटांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात. आपल्याला पाकळीचा ल हवा असतो आणि भाषेची नोंद नसेल तर हिंदी वळणाचा मिळू शकतो. 'शेतकऱ्यांना'मधला अर्धा र नीट येतो का, हेही फाँट निवडतानाच बघून घ्यावे. मी चाचणीला तोच शब्द टाइप करतो.

शिवाय फाइल एका संगणकावर बनते आणि दुसऱ्यावर दाखवली जाते. गावच्या लॅपटॉपवर तुमचा फाँट नसेल तर तो त्याच्याकडचा कुठला तरी देवनागरी फाँट लावतो, आणि तुम्ही मोजलेले पॉइंट वाऱ्यावर जातात. साठवताना `File`, `Options`, `Save` मध्ये `Embed fonts in the file` ला खूण केली तर फाँट फाइलसोबत जातो. सोबत एक पीडीएफही द्यावी, तीत ओळी जिथल्या तिथे गोठतात. तरीही मी प्रत्येक चौकटीत थोडी जागा उरवतो. काठोकाठ भरलेली चौकट दुसऱ्याच्या संगणकावर सांडतेच.

शीर्षकांचे एक राहिले. इंग्रजी फाइलमध्ये शीर्षके मोठ्या लिपीत होती आणि अक्षरे ऐसपैस, विरळ. आपल्याकडे मोठी लिपी नाहीच, पण विरळपणा मराठीवर तसाच उतरला. फाइलमध्ये तो `spc="300"` असा दिसतो, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे तीन पॉइंटांची फट. त्या फटीत शिरोरेषा तुटते. 'बीजप्रक्रिया'ची पाच अक्षरे पाच घरांसारखी वेगळी उभी होती. ती फट शून्य केली आणि शीर्षक ठळक केले. तिरपे अक्षरही मी काढून टाकतो. देवनागरीला ते ओढून ताणून तिरपे केलेले असते आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर कलते.

दुसरी बैठक आठ दिवसांनी त्याच समाजमंदिरात झाली. मी आधी जाऊन तिथल्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि एकेका चौकटीत कर्सर ठेवून मापाचा आकडा बघितला. २०, २०, २०. सातव्या स्लाइडवर आजोबा यावेळी काही बोलले नाहीत, शेजाऱ्याला विचारत होते की गोणपाट साखरेच्या पोत्याचे चालेल का. सतराव्या स्लाइडवर पावसाचा एक आलेख होता. त्याच्या उभ्या अक्षावरचे नाव आडवे करून वरच्या कोपऱ्यात लिहिले होते, कारण उभे फिरवलेले 'मिलिमीटर' मान वाकडी करूनही वाचता येईना. साहेबांच्या ते लक्षात आले. म्हणाले, "एवढी एकच मांडणी हलवली बघा तुम्ही."